गृहपाठाविषयी पालकांचे मत: छोट्या सर्वेक्षणासाठी पदनिश्चयन श्रेणी कशी बांधावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमच्या केंद्रातील तीन शाळांमध्ये इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांना गृहपाठ किती आणि कोणत्या प्रकारचा द्यावा, याविषयी शिक्षकांमध्ये मतभेद आहेत. त्यामुळे कृतिसंशोधनाचा भाग म्हणून पालकांचे मत पद्धतशीरपणे जाणून घ्यावे असे आम्ही ठरवले आहे. तिन्ही शाळा मिळून साधारण ९० पालक होतील. मी अठरा विधाने तयार केली असून प्रत्येकापुढे पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत आणि पूर्ण असहमत असे पाच पर्याय ठेवले आहेत. त्यांपैकी सहा विधाने नमुन्यादाखल देते.

१. गृहपाठामुळे मुलांचा अभ्यास पक्का होतो आणि त्यांना शिस्त लागते.
२. शाळेतून दिला जाणारा गृहपाठ योग्य प्रमाणात असतो.
३. मी माझ्या पाल्याला गृहपाठात नियमित मदत करतो/करते.
४. गृहपाठ नसावा असे मला वाटत नाही.
५. शिक्षक गृहपाठ काळजीपूर्वक तपासतात.
६. गृहपाठामुळे मुलांना खेळायला वेळ मिळत नाही.

विधानांची भाषा, त्यांचा क्रम आणि प्रत्यक्ष वापरापूर्वीची चाचणी या तिन्ही बाबतींत जाणकारांनी स्पष्टपणे सूचना कराव्यात, ही विनंती.

ज्ञानदीप

विषय चांगला निवडला आहे. एम.एड.च्या लघुप्रबंधाच्या वेळी आम्हाला जे शिकवले गेले त्यानुसार काही गोष्टी सांगतो. लिकर्टच्या पद्धतीत पर्याय पाचच असावेत. एकूण विधानांपैकी निम्मी सकारात्मक आणि निम्मी नकारात्मक ठेवून ती एकमेकांत मिसळावीत, म्हणजे न वाचता सरसकट खुणा करणारे पालक लगेच उघडे पडतात. ३० जणांवर पायलट घेऊन क्रोनबाखचा अल्फा काढावा. तो ०.७ च्या वर आला की प्रश्नावली विश्वसनीय ठरते आणि पुढे जायला हरकत नसते. आपल्या यादीत नकारात्मक विधाने कमी दिसतात, तेवढी वाढवावीत.

सुलभा_ताई

गृहपाठाच्या पदनिश्चयनात मी वहीची स्वच्छता, हस्ताक्षर, वेळेवर पूर्तता आणि अचूकता असे चार निकष ठेवते आणि प्रत्येकाला चारपैकी श्रेणी देते. आपल्याला हवा असल्यास माझा तक्ता येथे देऊ शकते. पालकांची स्वाक्षरी घेण्यासाठीही त्यात रकाना आहे.

कृष्णाकाठ

सुलभाताई, आपला तक्ता उपयोगी आहे, परंतु तो मुलांच्या गृहपाठाचे मूल्यमापन करण्यासाठी आहे. मला गृहपाठाविषयी पालकांना काय वाटते हे मोजायचे आहे. माझ्या लिहिण्यात ते पुरेसे स्पष्ट व्हायला हवे होते.

नीरक्षीर

मी अनेक वर्षे सर्वेक्षणांच्या कामात आहे, त्या आधारावर लिहितो. विधानांच्या भाषेकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न विचारावासा वाटतो. उत्तरे हाती आल्यावर आपण शाळेत नेमके काय बदलू शकणार आहात? गृहपाठाचे प्रमाण बदलणे आपल्या हातात असेल, तर प्रमाणाविषयीच्या प्रश्नाला सर्वांत जास्त काळजीने घडवले पाहिजे. आपले दुसरे विधान नेमके तेथेच कमी पडते.

‘गृहपाठ योग्य प्रमाणात असतो’ या विधानाशी एखादा पालक असहमत झाला, तर त्याच्या मते गृहपाठ जास्त आहे की कमी आहे, हे आपल्याला कळणार नाही. सातवीच्या मुलाचे वडील ‘काहीच अभ्यास देत नाहीत’ म्हणून असहमत होतील आणि पाचवीच्या मुलीची आई ‘रात्री दहापर्यंत लिहीत बसते’ म्हणून असहमत होईल. दोघांची खूण मात्र एकाच चौकोनात पडेल. येथे सहमतीची श्रेणी सोडून द्यावी आणि जे विचारायचे आहे तेच पर्यायांत आणावे: ‘आपल्या मुलाला शाळेतून मिळणारा गृहपाठ आपल्याला कसा वाटतो? फारच कमी, थोडा कमी, बरोबर, थोडा जास्त, फारच जास्त.’

या श्रेणीचा एक गुणधर्म लक्षात ठेवावा लागेल. हिच्यात समाधानाचे टोक मध्यभागी आहे. त्यामुळे हिचे गुण इतर विधानांच्या गुणांत मिळवून एकूण बेरीज करता येत नाही आणि हिची सरासरीही देऊ नये. निम्मे पालक ‘फारच कमी’ म्हणाले आणि निम्मे ‘फारच जास्त’ म्हणाले, तर सरासरी बरोबर मध्यावर येते आणि अहवालात ‘पालक समाधानी आहेत’ असे लिहिले जाते, जेव्हा प्रत्यक्षात एकही पालक समाधानी नसतो. अशा प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पर्यायाला किती जण मिळाले या संख्यांतच द्यावे, आणि शक्य असल्यास इयत्तावार द्यावे.

तिसरे विधान मत विचारत नाही, वर्तन विचारते. ‘नियमित’ म्हणजे काय हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो, शिवाय मुलाला मदत करत नाही असे शिक्षकांना सांगणे कोणत्याही आईवडिलांना जड जाते. त्याऐवजी जवळचा काळ ठरवून विचारावे: ‘गेल्या सोमवारपासून शनिवारपर्यंत घरातील कोणी मुलाजवळ बसून त्याचा गृहपाठ करून घेतला का? एकही दिवस नाही, एक-दोन दिवस, तीन-चार दिवस, पाच-सहा दिवस.’ प्रश्नाआधी ‘कामामुळे पुष्कळ घरांत मुलांजवळ बसायला वेळ मिळत नाही’ असे एक वाक्य घातले, तर ‘एकही दिवस नाही’ हे उत्तर देणे थोडे सोपे होते.

पहिल्या विधानात दोन प्रश्न आहेत. अभ्यास पक्का होतो असे वाटणारा, पण शिस्तीशी गृहपाठाचा संबंध नाही असे मानणारा पालक कोठे खूण करील? दोन विधाने करावीत किंवा त्यांतील एक सोडून द्यावे.

ज्ञानदीप

नीरक्षीर सर, वर्तन आणि मत वेगळे ठेवण्याचा मुद्दा पटला. परंतु चौथ्या विधानाबद्दल आपण काही लिहिले नाही. ते नकारात्मक आहे आणि यादीत अशा विधानांची गरज आहेच.

नीरक्षीर

चौथ्या विधानावर थोडे सविस्तर लिहितो, कारण नकारात्मक विधानांचा आग्रह बहुतेक अध्यापक महाविद्यालयांत धरला जातो आणि त्यामागचे कारण अर्धे बरोबर आहे.

कारण असे की काही माणसे विधान कोणतेही असले तरी ‘हो’ म्हणतात. विचारणारा मुलाचा शिक्षक असेल तर ही प्रवृत्ती आणखी वाढते. सगळी विधाने एकाच दिशेची असतील, तर हा होकार आणि खरे अनुकूल मत यांतला फरक ओळखता येत नाही. म्हणून काही विधाने उलट्या दिशेची असणे उपयोगी असते. येथपर्यंत आपले म्हणणे योग्य आहे.

परंतु उलटी दिशा आणि नकारार्थी वाक्यरचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गृहपाठ नसावा असे मला वाटत नाही’ यात दोन नकार आधीच आहेत. गृहपाठाला विरोध असणाऱ्या पालकाने तेथे ‘असहमत’ म्हणायचे आहे, म्हणजे तिसरा नकार आला. मोठ्याने वाचून पाहिल्यास स्वतःलाही क्षणभर थांबावे लागते. याउलट आपले सहावे विधान उलट्या दिशेचे आहे, पण त्याचा आशय ठोस आहे. तेच ‘गृहपाठामुळे मुलांचा खेळाचा वेळ कमी होतो’ असे केले, तर त्यातील ‘नाही’ही जाईल आणि दिशा तशीच राहील. अशी दोन-तीन विधाने पुरेत. निम्मी करण्याचा हट्ट धरला की सरळ विधानांना ओढूनताणून ‘नाही’ जोडले जाते आणि त्यातून मिळालेली उत्तरे मताविषयी कमी आणि वाक्याच्या अवघडपणाविषयी जास्त सांगतात.

पायलटमध्ये हे ओळखण्याचा एक साधा मार्ग आहे. ‘गृहपाठामुळे शाळेत शिकवलेले लक्षात राहते’ आणि ‘गृहपाठामुळे मुलांचा फार वेळ वाया जातो’ अशी परस्परविरोधी जोडी घ्यावी आणि दोन्हींना ‘पूर्ण सहमत’ म्हणणारे किती निघतात ते मोजावे. एखाददुसरा असेल तर ते त्याचे गुंतागुंतीचे मत असू शकते. दहांपैकी चार जण तसे म्हणाले, तर ते आपल्याला खूश करण्यासाठी ‘हो’ म्हणत आहेत किंवा विधान कळलेले नाही, यांपैकी काहीतरी घडते आहे आणि विश्लेषण पुढे नेण्यात अर्थ नाही.

पर्याय पाचच असावेत असा नियमही नाही. लिकर्टच्या १९३२ च्या मूळ लेखात पाच पर्यायांची विधाने आहेत हे खरे, पण तेथेच ‘हो’, प्रश्नचिन्ह आणि ‘नाही’ अशा तीनच पर्यायांचे प्रश्नही आहेत. पर्यायांची संख्या उत्तर देणाऱ्याला किती छटा वेगळ्या करता येतात यावर ठरवावी.

कृष्णाकाठ

आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एक महत्त्वाची अडचण मी सुरुवातीला लिहिली नव्हती. आमच्याकडील पालकांपैकी बऱ्याच जणांना छापील प्रश्नावली वाचणे जमणार नाही, आणि ज्यांना वाचता येते तेही पाच रकान्यांचा तक्ता पाहून कागद मुलाकडेच देतात. पालक सभेत मी एकेक विधान मोठ्याने वाचावे आणि हात वर करायला सांगावे, असा एक विचार होता. नीरक्षीर सर, हे चालेल का?

नीरक्षीर

हात वर करणे कृपया टाळावे. पहिल्या रांगेत सरपंच किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बसलेले असतात, त्यांचा हात ज्या बाजूला गेला त्या बाजूला बाकीचे जातात. आपल्याला ९० मते हवी आहेत आणि त्या पद्धतीने चार-पाचच मिळतील.

एकेकाला वेगळे बसवून विचारावे लागेल. तेव्हा आणखी एक गोष्ट बदलते. छापील कागदावर माणूस वरून वाचत येतो आणि आधीच्या पर्यायांकडे जास्त झुकतो. तोंडी ऐकताना शेवटी ऐकलेले पर्याय मनात राहतात आणि उत्तर तिकडे झुकते. पाच पर्याय एका दमात ऐकवले तर मधले पर्याय हरवतातच. म्हणून तोंडी विचारताना प्रश्न दोन टप्प्यांत करावा. आधी विचारावे, ‘हे आपल्याला पटते की पटत नाही?’ उत्तर आले की, ‘पूर्ण पटते की थोडेसे पटते?’ चार पर्याय तयार होतात आणि ऐकणाऱ्याला एका वेळी दोनच लक्षात ठेवावे लागतात. सोबत एका जाड पुठ्ठ्यावर चार वाढत्या उंचीचे पट्टे काढून तो समोर धरला, तर बोट ठेवून उत्तर देता येते. हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे मात्र वापरू नयेत, कारण चेहरा ‘मला आवडते’ असे सांगतो आणि आपला प्रश्न पटण्याविषयी आहे. ‘गृहपाठामुळे खेळाचा वेळ कमी होतो’ हे ज्याला पटते, त्याने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे की रडव्या?

विचारणारा कोण असेल हेही ठरवावे. पाचवे विधान शिक्षकांच्या तपासणीविषयी आहे आणि ते वर्गशिक्षकानेच विचारले तर उत्तर आधीच ठरलेले आहे. तीन शाळा आहेत, तर एका शाळेच्या शिक्षकांनी दुसऱ्या शाळेच्या पालकांना विचारावे, एवढी अदलाबदल करणे शक्य आहे असे वाटते.

अंकगणिती

मी सांख्यिकी शिकवतो. दोन टप्प्यांची पद्धत चांगली आहे, पण तिच्यात मधला पर्याय नाहीसा होतो, हे मला मान्य नाही. ज्याचे मत खरोखरच मध्यावर आहे, त्याला आपण एका बाजूला ढकलतो आहोत. ९० जणांच्या सर्वेक्षणात दहा-पंधरा जण असे ढकलले गेले, तर ‘बहुसंख्य पालकांना पटते’ हे वाक्य केवळ प्रश्नाच्या रचनेमुळे खरे किंवा खोटे ठरू शकते.

नीरक्षीर

आपला आक्षेप गंभीर आहे आणि या प्रश्नावर कामातली माणसेही एकमताची नाहीत. माझा अनुभव असा आहे की तोंडी विचारताना मधला पर्याय दिला की न पटणारे पालक संकोचाने तेथे येऊन थांबतात, म्हणून तो मी स्वतःहून ऐकवत नाही. परंतु कोणी आपणहून ‘दोन्ही सारखेच’ म्हणाले, तर ते नोंदवण्यासाठी विचारणाऱ्याच्या कागदावर वेगळा रकाना ठेवतो. आणि ‘माहीत नाही’ हा त्याहूनही वेगळा रकाना असतो. कृष्णाकाठ यांच्या मूळ श्रेणीत ‘सांगता येत नाही’ हा पर्याय मध्यभागी होता. त्याला तीन गुण देऊन बेरजेत घेतले असते, तर ज्याला काही माहीतच नाही त्याला मध्यम मताचा माणूस मानले गेले असते.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते आणि शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत स्वयंसेविका आहे. आमचे पालक सुशिक्षित आहेत, वाचण्याची अडचण नाही, म्हणून आम्ही गूगल फॉर्मवर बारा विधानांचा एकच तक्ता केला होता. बहुतेकांनी तो फोनवर भरला. छोट्या पडद्यावर उजवीकडचे दोन पर्याय दिसत नव्हते, ते पाहण्यासाठी तक्ता बोटाने सरकवावा लागत होता. बऱ्याच जणांच्या बाराही खुणा एकाच रकान्यात आल्या. नंतर आम्ही तक्ता मोडून प्रत्येक विधान स्वतंत्र प्रश्न केले आणि पर्याय एकाखाली एक ठेवले, तेव्हा उत्तरांत फरक दिसू लागला. आपल्याकडे काही पालकांना व्हॉट्सॲपवरून दुवा पाठवणार असाल, तर हे लक्षात घ्यावे.

कृष्णाकाठ

दूरदेशी ताई, व्हॉट्सॲपचा विचार होता, पण आता सर्वांना समोरासमोरच विचारू. काहींना तोंडी आणि काहींना फोनवर असे केले तर दोन्हींची उत्तरे एकत्र करता येणार नाहीत, असे वरच्या चर्चेवरून वाटते.

क्रमाविषयी मार्गदर्शन हवे आहे. सध्या मी सुरुवातीला पालकांचे नाव, शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न विचारते, मग विधाने, आणि शेवटी ‘एकंदरीत शाळेच्या गृहपाठाबद्दल आपण किती समाधानी आहात?’ हा प्रश्न आहे.

ज्ञानदीप

वैयक्तिक माहिती आधीच घ्यावी, ती सोपी असते आणि माणूस मोकळा होतो. एकंदर समाधानाचा प्रश्न शेवटी ठेवणेही तर्काला धरून आहे, कारण तोपर्यंत पालकांनी सगळ्या बाजूंचा विचार केलेला असतो.

नीरक्षीर

ज्ञानदीप, या दोन्ही बाबतींत मी वेगळे सुचवतो. चौथीपर्यंत शिकलेल्या आईला पहिलाच प्रश्न ‘आपले शिक्षण किती?’ असा विचारला, तर ती मोकळी होण्याऐवजी आक्रसते आणि पुढे गृहपाठाविषयी मत देताना ‘आम्हाला त्यातले काय कळते, तुम्हीच लिहा’ असे म्हणते. शिक्षण आणि व्यवसाय शेवटी विचारावेत. उत्पन्नाचा उपयोग आपल्या निर्णयात होणार नसेल, तर तो प्रश्न काढून टाकावा. नाव घेऊच नये, केवळ मुलाची इयत्ता आणि शाळा पुरेशी आहे. सुरुवात ‘आपले मूल कितवीत आहे?’ या प्रश्नाने करावी, जो कोणालाही सहज सांगता येतो आणि विषयाला धरून आहे.

एकंदर समाधानाचा प्रश्न विधानांच्या आधी ठेवावा. खेळाचा वेळ, रात्रीचे जागरण, आईची ओढाताण अशी चार विधाने ऐकून झाल्यावर समाधान विचारले, तर पालक आपण नुकत्याच आठवून दिलेल्या गोष्टींवरून उत्तर देतो. विधाने गुणांची असतील तर समाधान वाढते, त्रासाची असतील तर घटते.

क्रमाचा परिणाम किती मोठा असू शकतो, याचे एक जुने उदाहरण देतो. १९४८ मध्ये अमेरिकेत दोन प्रश्न विचारले गेले: साम्यवादी देशांच्या वार्ताहरांना अमेरिकेत येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का, आणि अमेरिकन वार्ताहरांना रशियात तसे करू द्यावे का. पहिला प्रश्न आधी विचारला तेव्हा सुमारे ३६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. तोच प्रश्न अमेरिकन वार्ताहरांच्या प्रश्नानंतर विचारला तेव्हा ‘हो’ म्हणणारे सुमारे ७३ टक्के झाले, कारण आपल्या माणसांसाठी मागितलेली मोकळीक दुसऱ्यांना नाकारणे अवघड जाते. प्रश्नाचा एकही शब्द बदललेला नव्हता. आपल्या यादीत ‘शिक्षकांनी गृहपाठ तपासला पाहिजे’ यानंतर लगेच ‘पालकांनी गृहपाठ करून घेतला पाहिजे’ असे आले, तर अशीच देवाणघेवाणीची भावना जागी होईल. अशी विधाने एकमेकांपासून दूर ठेवावीत.

अंकगणिती

विधानांचे दोन वेगवेगळे क्रम करून अर्ध्या पालकांना एक आणि अर्ध्यांना दुसरा दिला, तर क्रमाचा परिणाम मोजताही येईल.

नीरक्षीर

दोन क्रम करणे चांगलेच आहे, कारण त्यामुळे एकाच क्रमाचा झुकाव सगळ्या उत्तरांवर पडत नाही. परंतु परिणाम मोजण्याची अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक बाजूला ४५ पालक असतील, तर दोन्ही गटांतील फरक साधारण २१ टक्क्यांहून कमी असताना तो योगायोगापासून वेगळा ओळखता येणार नाही. हे गणित आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

अंकगणिती

मान्य. मतविभागणी निम्मी-निम्मी धरली तर हिशेब तितकाच येतो. तरीही शाळेनुसार क्रम न बदलता प्रत्येक शाळेत आळीपाळीने एकेक क्रम द्यावा, नाहीतर शाळांमधला फरक आणि क्रमाचा फरक एकत्र मिसळेल.

कृष्णाकाठ

आता चाचणीविषयी. थेट ३० पालकांवर घ्यावी का?

नीरक्षीर

आधी आठ-दहा जणांशी सावकाश बोलावे, आणि ते शेजारच्या केंद्रातील असावेत, म्हणजे आपले ९० पालक अस्पर्शित राहतात. येथे गुण मोजायचे नाहीत, विचार ऐकायचा आहे. प्रश्न विचारून उत्तर आले की पुढचे विचारावे: ‘हे उत्तर देताना आपल्या मनात काय आले?’, ‘मी काय विचारले ते आपल्या शब्दांत सांगाल का?’, ‘गृहपाठ म्हटल्यावर कोणता अभ्यास आठवला?’ प्रत्येक प्रश्नाला हे विचारले तर माणूस कंटाळतो, म्हणून शंका असलेली पाच-सहा विधानेच घ्यावीत. ‘विधान कळले का?’ असे मात्र विचारू नये, कारण त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. दुरुस्त्या झाल्या की पंचवीस-तीस जणांवर पूर्ण चाचणी घेता येईल.

कृष्णाकाठ

दोन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. शेजारच्या केंद्रात आम्ही नऊ पालकांशी बोललो आणि त्यातून जे कळले ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

‘गृहपाठ’ म्हटल्यावर चार पालकांनी शिकवणीचा अभ्यास धरला. एका आईने गृहपाठ फारच जास्त असल्याचे सांगितले आणि पुढे विचारल्यावर तिने मोजून दाखवलेली पाने सगळी शिकवणीच्या वहीतली निघाली. प्रश्न आता ‘शाळेतील बाई किंवा सर घरी करायला देतात तो अभ्यास, शिकवणीचा सोडून’ असा केला आहे.

‘मुलाजवळ बसून करून घेतला’ हे शब्द घेतल्याचा फायदा झाला, कारण जुन्या विधानातील ‘मदत’ या शब्दाने वह्या विकत आणणे, शिकवणीचे पैसे भरणे आणि मुलाला कामाला न लावणे हे सगळे धरले जात होते. दोन घरांत जवळ बसणारी व्यक्ती दहावीतली बहीण होती, म्हणून ‘घरातील कोणी’ हे शब्दही उपयोगी पडले.

शिक्षक काळजीपूर्वक तपासतात का, या प्रश्नावर एक आजोबा म्हणाले, “आम्हाला काय माहीत बाई, वहीत लाल सही असते एवढं खरं.” काळजीपूर्वक की कसे, हे पालकांना दिसतच नाही. आता आम्ही ‘गेल्या आठवड्यात मुलाच्या वहीत शिक्षकांची सही किंवा शेरा आपल्याला दिसला का?’ असे विचारत आहोत आणि ‘वही पाहिली नाही’ हा पर्याय ठेवला आहे.

ज्ञानदीप

हे वाचून आनंद झाला. आता तीस जणांवरची चाचणी घेऊन सर्व विधानांचा मिळून अल्फा काढावा.

नीरक्षीर

सर्वांचा मिळून काढू नये. प्रमाणाचा प्रश्न, वर्तनाचे प्रश्न आणि सही दिसल्याचा प्रश्न हे एकाच गोष्टीचे मोजमाप नाहीत, त्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही आणि म्हणून अल्फालाही अर्थ नाही. ‘गृहपाठाचा भार’ या एकाच कल्पनेची पाच विधाने एकत्र ठेवली असतील, तर त्यांच्यापुरता तो काढावा. उलट दिशेच्या विधानाचे गुण आधी फिरवून घ्यावेत. चार पर्याय असल्यामुळे पाचातून वजा करावे लागते, म्हणजे चाराचा एक आणि एकाचा चार होतो. समजा २८ पालकांची उत्तरे B ते F या रकान्यांत दुसऱ्या ते एकोणतिसाव्या ओळीत आहेत आणि G मध्ये प्रत्येकाची बेरीज आहे. ‘आपणहून मध्य’ किंवा ‘माहीत नाही’ असे उत्तर ज्यांनी दिले त्या ओळी या हिशेबातून वगळाव्यात.

```
B30:  =VAR.S(B2:B29)      (F30 पर्यंत ओढावे)
G31:  =(5/4)*(1-SUM(B30:F30)/VAR.S(G2:G29))
```

समजा पाच विधानांच्या विचरणांची बेरीज ५.२ आली आणि एकूण गुणांचे विचरण १२.५ आले, तर अल्फा साधारण ०.७३ येतो. एखादे उलटे विधान फिरवायचे राहिले असेल, तर एकूण गुणांचे विचरण आक्रसते आणि अल्फा फार कमी, कधी ऋणही येतो. तसे दिसले की आधी तेच तपासावे. मात्र ०.७ च्या वरचा आकडा म्हणजे प्रश्नावली योग्य असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. ‘गृहपाठ फार आहे’, ‘गृहपाठ जास्त आहे’, ‘गृहपाठ अति आहे’ असे पाच वेळा विचारले तर अल्फा उत्तम येईल आणि माहिती एकाच प्रश्नाएवढी मिळेल. शिकवणीच्या वहीचा घोटाळा तर अल्फाने कधीच पकडला नसता, कारण ती आई पाचही विधानांना त्याच वहीवरून सातत्याने उत्तरे देत राहिली असती. २८ जणांवरचा आकडा पुढच्या २८ जणांवर बराच हलतो, हेही अहवालात लिहावे.

त्याऐवजी प्रत्येक विधानाच्या उत्तरांची विभागणी डोळ्यांखाली घालावी. २८ पैकी २६ जण ‘पूर्ण पटते’ म्हणत असतील, तर ते विधान पालकांमध्ये फरक करत नाही आणि त्याची जागा दुसऱ्याला देता येते.

सुलभा_ताई

हा धागा वाचून माझ्याही शाळेत असे विचारावे असे वाटू लागले आहे. एक शंका आहे. घरी आई एक सांगते आणि वडील दुसरे, मग उत्तर कोणाचे धरायचे? आमच्याकडे सभेला आया येतात, पण गृहपाठाबद्दल तक्रार घेऊन वडील येतात.

कृष्णाकाठ

सुलभाताई, याचा निर्णय आम्हीही अजून केलेला नाही. ‘मुलाचा अभ्यास घरी जो जास्त पाहतो, त्याला विचारावे’ असे एक मत आहे, पण तो कोण हे घरातच ठरते आणि पुष्कळदा वडीलच पुढे होतात. सध्या उत्तर कोणी दिले याची नोंद घ्यायची आणि आई-वडिलांची उत्तरे वेगळी मांडून पाहायची, असे ठरवले आहे. पुढील आठवड्यात २८ पालकांची चाचणी आहे, भाराच्या पाच विधानांचा तक्ता त्यानंतर येथे देईन.

नीरक्षीर

नोंद घेणे योग्य आहे. शक्य असल्यास ‘उत्तर देताना जवळ आणखी कोण होते’ हाही रकाना ठेवा, कारण सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सुनेने दिलेले उत्तर आणि एकटीने दिलेले उत्तर यांत फरक पडतो. आणि तक्ता देताना कृपया सरासरीबरोबर प्रत्येक पर्यायाच्या संख्याही द्याव्यात.

अंकगणिती

शिवाय मधले उत्तर आपणहून किती जणांनी दिले, तेही द्यावे. तो आकडा मोठा आला, तर मी माझा आक्षेप पुन्हा मांडणार आहे.